‘सर्वांत जवळचा थांबा आधी’: नियमाची पार्श्वभूमी आणि परतीच्या अंतराचा प्रश्न

जळगाव, धुळे किंवा अमळनेरसारख्या गावातील गोदामातून सकाळी माल भरून निघालेल्या छोट्या गाडीच्या चालकासमोर दिवसभराच्या थांब्यांची यादी असते. ती कोणत्या क्रमाने संपवायची याचे सर्वांत सोपे उत्तर असे, की आहोत तेथून सर्वांत जवळच्या थांब्यावर जावे, तेथून उरलेल्यांपैकी सर्वांत जवळच्या, आणि असेच शेवटपर्यंत. प्रत्येक पावलाला समोरचा स्वस्त पर्याय उचलणाऱ्या अशा पद्धतींना संगणकशास्त्रात ‘ग्रीडी’ म्हणतात. मालवाटपाच्या साध्या संगणक प्रणाली आणि मोबाइलवरील क्रम लावण्याच्या सोयी अनेकदा याच नियमाने पहिला क्रम तयार करतात. नियम निरुपयोगी नाही. मात्र तो नेमका कुठे फसतो हे फार पूर्वी सांगून झाले आहे, आणि खानदेशातील रस्त्यांची रचना पाहता ते इथे मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे.

फिरत्या विक्रेत्यांसाठी मार्ग सुचवणारी एक जर्मन पुस्तिका १८३२ मध्ये निघाली होती, पण तिच्यात गणित नव्हते. गणिताच्या भाषेत हा प्रश्न १९३० मध्ये व्हिएन्नातील गणितज्ञांच्या एका चर्चामंडळात मांडला गेला. मांडणाऱ्याने त्याला निरोप्याचा प्रश्न म्हटले: काही ठिकाणे आणि त्यांच्यातील अंतरे ठाऊक आहेत, तर सर्व ठिकाणांना जोडणारी सर्वांत छोटी वाट कोणती? त्याच टिपणात त्याने हेही नोंदवले, की आधी सर्वांत जवळच्या ठिकाणी, मग त्याच्या सर्वांत जवळच्या ठिकाणी, या नियमाने सर्वसाधारणपणे सर्वांत छोटी वाट मिळत नाही. म्हणजे प्रश्न आणि या नियमाची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जगासमोर आल्या. सगळे क्रम तपासून पाहणे हा मार्ग तत्त्वतः खुला होता, पण पंधरा थांब्यांचेच एक लाख तीस हजार कोटींहून अधिक क्रम होतात.

१९३० च्या मांडणीत ठिकाणे जोडायची होती. निरोप्याने परत कोठे यायचे, याची अट नव्हती. १९५४ मध्ये अमेरिकेत ४९ शहरांचा सर्वांत छोटा मार्ग सिद्ध करून दाखवण्यात आला तेव्हा मात्र विक्रेता निघालेल्या शहरातच परतत होता. १९५९ मध्ये पेट्रोलच्या टँकरांचे मार्ग आखण्याचा प्रश्न मांडला गेला, त्यातही टँकर डेपोवर परत येणे गृहीत होते. पुढच्या जवळजवळ सर्व संशोधनाने बंद फेरीच धरली. मालवाटपाच्या व्यवहारात मात्र दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू राहिल्या. भाड्याच्या गाडीला शेवटच्या थांब्यापर्यंतचेच पैसे देणारा वितरक परतीचे अंतर धरत नाही, आणि स्वतःच्या गाडीत स्वतःचे डिझेल घालणारा ते धरतो. हा केवळ हिशेबाचा तपशील वाटतो, पण नियम किती वाईट ठरतो हे बऱ्याच अंशी या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहणे योग्य ठरेल.

समजा गोदाम एरंडोलजवळ महामार्गावर आहे. पश्चिमेला पारोळा आणि धुळ्याकडे, पूर्वेला जळगाव आणि भुसावळकडे जाणारा हा रस्ता आहे, आणि त्या दिवशीचे पाचही थांबे त्याच रस्त्यावर आहेत. पूर्वेला गोदामापासून ३, ११ आणि ४३ किलोमीटरवर तीन, पश्चिमेला ४ आणि २० किलोमीटरवर दोन. अंतरे उदाहरणासाठी निवडलेली आहेत. थांब्यांना पू-३, पू-११, पू-४३, प-४ आणि प-२० असे म्हणू.

नियमानुसार गाडी प्रथम पू-३ वर जाते, कारण ३ हे ४ पेक्षा कमी. तेथून पू-११ हा ८ किलोमीटर पुढे आहे आणि प-४ हा ७ किलोमीटर मागे, म्हणून गाडी उलटी फिरून प-४ वर येते. तेथून प-२० हा १६ किलोमीटरवर आणि पू-११ हा १५ वर, म्हणून पुन्हा पूर्वेला. पू-११ वरून पू-४३ हा ३२ आणि प-२० हा ३१, म्हणून पुन्हा पश्चिमेला. शेवटी प-२० वरून पू-४३ पर्यंत ६३ आणि तेथून गोदामात ४३. प्रत्येक वळणावर निवड फक्त एका किलोमीटरने ठरली आहे, आणि प्रत्येक वेळी ती नियमाप्रमाणे बिनचूक आहे. एकूण अंतर १६२ किलोमीटर होते.

आता सरळ विचार करू. सर्व थांबे एका रेषेवर असल्यामुळे कोणत्याही फेरीला पश्चिमेच्या टोकापर्यंत जाऊन येणे आणि पूर्वेच्या टोकापर्यंत जाऊन येणे भागच आहे, म्हणून किमान अंतर २० आणि ४३ यांच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे १२६ किलोमीटर. नियमाने ३६ किलोमीटर जास्त घेतले, साधारण २९ टक्के. परतीचे अंतर वगळले तर नियमाचे ११९ किलोमीटर होतात, तर उत्तम क्रम, आधी पश्चिम संपवून मग पूर्व, ८३ मध्ये आटोपतो. आता जादा अंतर तेच ३६ किलोमीटर असले तरी प्रमाण ४३ टक्के झाले. गाडी तीच, रस्ता तोच, चालकाची वाटही तीच. बदलले ते फक्त मोजमाप.

याहून महत्त्वाचा फरक उत्तम क्रमातच आहे. परतीचे अंतर धरले तर आधी पश्चिम की आधी पूर्व याने काही बिघडत नाही, दोन्ही फेऱ्या १२६ च्याच. ते वगळले तर आधी पूर्व घेतल्यास शेवट प-२० वर होतो आणि अंतर ८३ ऐवजी १०६ होते. म्हणजे ज्या वितरकाने परतीचे पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले आहे, त्याला बाजू निवडण्याचा २३ किलोमीटरचा एक जादा प्रश्न सोडवावा लागतो, आणि ‘जवळचा आधी’ हा नियम त्याकडे पाहतही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते परतीचे अंतर धरणेच प्रामाणिक आहे, कारण रिकामी गाडीही डिझेल खाते आणि ते पैसे कोणाच्या तरी खिशातून जातातच. ज्या चालकाचे घर शेवटच्या गावात आहे आणि जो गाडी रात्री तेथेच ठेवतो, त्याच्यापुरता मात्र खुला मार्ग हाच खरा हिशेब आहे.

या निर्णयाचा परिणाम एका नेहमी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यावरही होतो. यदृच्छया विखुरलेल्या बिंदूंवर केलेल्या संगणकीय चाचण्यांत हा नियम सर्वोत्तम फेरीपेक्षा सरासरी सुमारे २५ टक्के लांब फेरी देतो असे आढळले आहे. हा आकडा बंद फेरीचा, सपाट पटावर सर्वदूर पसरलेल्या बिंदूंचा आणि सरासरीचा आहे. महामार्गाला लटकलेल्या थांब्यांच्या खुल्या मार्गाला तो लावून ‘एवढे तर चालतेच’ असे म्हणणे चुकीचे आहे. सरासरीमागे किती वाईट प्रसंग दडू शकतात हे १९७७ मध्ये सिद्ध झाले. वळसा घालून जाणे थेट जाण्यापेक्षा कधीच छोटे नसेल, तर या नियमाची फेरी सर्वोत्तमाच्या किती पट होऊ शकते यावर मर्यादा घालता आली, परंतु ती मर्यादा थांब्यांच्या संख्येबरोबर हळूहळू वाढते. गोदामासह ६४ ठिकाणे असतील तर ती साडेतीन पट आहे. ही वाढ केवळ कागदावरची नाही, कारण थांबे वाढतील तसे गुणोत्तरही वाढत जाईल अशी उदाहरणे रचता येतात. २००२ मध्ये आणखी कठोर निष्कर्ष आला: अंतरांवर कोणतीही अट नसेल, तर थांबे कितीही असले तरी अशी अंतरे ठेवता येतात की हा नियम सर्व शक्य फेऱ्यांमधील सर्वांत वाईट फेरीच निवडेल.

बिघाड ओळखण्याची खूण टप्प्यांच्या यादीतच असते. वरील उदाहरणात टप्पे ३, ७, १५, ३१, ६३ आणि ४३ असे आहेत. सुरुवातीचे टप्पे फार लहान आणि अखेरचे दोन मिळून एकूण अंतराचे जवळजवळ दोन तृतीयांश, असे दिसले की वाटेत मागे टाकलेले थांबे शेवटी गोळा केले जात आहेत हे समजावे. दुसरी खूण म्हणजे एकाच रस्त्यावरून दोनपेक्षा अधिक वेळा जाणे: गोदाम आणि पू-३ यांच्यामधला रस्ता ही गाडी सहा वेळा तुडवते.

दुरुस्तीही जुनीच आहे. १९५८ मध्ये सुचवलेली पद्धत अशी, की फेरीतील कोणतेही दोन टप्पे तोडावेत, मधला भाग उलटा करून पुन्हा जोडावा, आणि अंतर घटले तर बदल कायम ठेवावा. आपल्या फेरीत पू-३ ते प-४ आणि पू-११ ते प-२० हे टप्पे तोडून पू-३ ते पू-११ आणि प-४ ते प-२० असे जोडले की ३८ च्या जागी २४ होतात आणि फेरी १४८ वर येते. मग पू-३ ते पू-११ आणि प-२० ते पू-४३ तोडून पू-३ ते प-२० आणि पू-११ ते पू-४३ जोडले की १३२. शेवटी गोदाम ते पू-३ आणि प-४ ते पू-११ यांच्या जागी गोदाम ते प-४ आणि पू-३ ते पू-११ घेतले की १२६, म्हणजे सर्वोत्तम. तीन अदलाबदलींत सगळी ३६ किलोमीटरची चूक निघून गेली. प्रत्येक वेळी ती इतकी पूर्ण निघत नाही. कधी कोणतीही अदलाबदल लाभत नाही अशा जागी ही पद्धत अडते आणि सर्वोत्तम फेरी तरीही दूर असते. पहिला क्रम ‘जवळचा आधी’ने लावावा आणि मग तो अशा रीतीने सुधारावा, ही जोडी म्हणूनच टिकली, नियम एकटा वापरणे ही त्याची अर्धीच अंमलबजावणी होय.

अर्थात अदलाबदलीला दिलेली अंतरे खरी हवीत. तापीच्या दोन तीरांवरची समोरासमोरची गावे नकाशावर सरळ रेषेने हाताच्या अंतरावर दिसतात, पण यावलकडच्या तीरावर जायचे तर भुसावळचा किंवा विदगावजवळचा पूल गाठावा लागतो. सरळ रेषेची अंतरे दिली तर नियम पलीकडच्या गावाला ‘जवळचा’ ठरवतो, आणि अदलाबदलही ती चूक पकडू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात नदीच नाही. रस्त्याने मोजलेली अंतरे दिली की हा दोष आपोआप सुटतो. दुपारी नवी मागणी आली तर गाडी उभी असलेले ठिकाण आरंभ आणि गोदाम शेवट असे धरून फक्त उरलेल्या थांब्यांवर अदलाबदल पुन्हा चालवावी लागते. नवा थांबा नुसता ‘जवळचा’ म्हणून पुढे घातला तर सकाळी काढलेली वळणे दुपारी परत येतात.