Again की Hard? अँकीतली दोन बटणं आणि नोकरदाराचं वेळापत्रक

अँकी या शब्दांची उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये कार्ड उलटलं की खाली चार बटणं येतात: Again, Hard, Good, Easy. शेवटच्या दोघांवरून कुणाचं फारसं अडत नाही. घोटाळा पहिल्या दोघांत होतो, आणि जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाचा तर हमखास होतो.

समजा समोर ‘सुरी’ आली. तुम्ही म्हणालात ‘दी मेसर’, आणि उलटल्यावर दिसलं ‘दास मेसर’. शब्द आला, लिंग चुकलं. साहजिकच आहे, आपली सुरी ‘ती’ आहे. काटाही असाच दगा देतो: आपल्याकडे तो, जर्मनमध्ये ‘दी गाबेल’. चमचा तेवढा दोन्हीकडे पुल्लिंगी. आता बटण कुठलं दाबायचं? मन म्हणतं, अगदीच काही आलं नाही असं थोडंच आहे, Hard देऊन टाकू.

पण Hard म्हणजे ‘उत्तर बरोबर आलं, फक्त आठवायला कष्ट पडले’. अँकीच्या हिशेबात तो पास आहे. नापास एकच, Again. Hard म्हणजे ‘अर्धं आलं’ असा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो, अँकीला त्याचा पत्ता नसतो.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणाऱ्या जुन्या गणिताच्या मूळ सेटिंगमध्ये एखादं कार्ड 10 दिवसांनी आलं असेल, तर Good दाबल्यावर ते साधारण 25 दिवसांनी येतं, Hard दाबल्यावर 12 दिवसांनी. Again दाबलं तर 10 मिनिटांत परत समोर, आणि मग दुसऱ्या दिवशी. म्हणजे ‘दी मेसर’ म्हणून Hard दाबणाऱ्याची चूक पुढचे 12 दिवस कुणी सुधारत नाही. शिवाय 12 दिवसांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा Hard दाबलं, तर अंतर आणखी वाढणार. न येणारा शब्द दूर दूर जात राहतो.

2023 पासून अँकीत FSRS हे नवं गणित आहे. तिथे हे जास्तच महागात पडतं, कारण ते तुमच्याच जुन्या उत्तरांवरून तुमची विसरण्याची गती काढतं. विसरलेल्या कार्डांना Hard देत गेलात तर त्याला वाटतं, गडी सगळं लक्षात ठेवतोय, आणि ते अंतरं भलतीच लांबवतं. मग लोक गणिताला शिव्या घालतात.

उलट टोकाचीही माणसं असतात: पाच सेकंद लागले म्हणून Again दाबणारी. त्यांचं ज्ञान बिघडत नाही, पण उजळणीचा ढीग विनाकारण फुगतो.

आपलं काय होतंय हे ओळखायला आकडेवारीच्या पानावर बटणांचा आलेख बघावा. जुन्या कार्डांत Again जवळजवळ नाही आणि Hard चा खांब भरघोस, वर क्लासमध्ये तोंड उघडलं की लिंगं चुकतात, तर निदान झालंच समजा. उपाय साधा: बरोबर कशाला म्हणायचं ते कार्ड उलटण्याआधी ठरलेलं हवं. लिंगासकट आलं तरच बरोबर, नाहीतर Again. आणि एकाच कार्डावर लिंग, शब्द आणि अनेकवचन असं सगळं विचारलं की ‘अर्धं आलं’ची पळवाट आपणच तयार करतो. अनेकवचनाचं कार्ड वेगळं करावं.

आता नोकरी सांभाळून हे बसवायचं कसं? रोज 20 नवी कार्डं हा अँकीचा मूळ आकडा नोकरदाराला झेपत नाही. काही आठवड्यांनी रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात ते दहा पट होते, म्हणजे दीडशे-दोनशेच्या घरात. 8 नवी ठेवली तर 60 ते 80, आणि एका कार्डाला दहा सेकंद धरले तर दहा-पंधरा मिनिटांचं काम.

हे काम सकाळी, लोकलमध्ये किंवा ऑफिसला पोचल्यावर, पण मेल उघडण्याआधी उरकावं. गर्दीत मोठ्याने बोलता येत नाही, तरी ओठ हलवून उत्तर पुरं करावं. नुसतं ‘हां, माहितीये’ म्हणून उलटलं की Hard चा मोह होणारच. सकाळी राहिलेली जेवणाच्या सुट्टीत. नवी 8 रात्री, जेवणानंतर: एकदा बघायची, भांडी आवरून दहा मिनिटांनी तीच परत. अँकीचा दिवस पहाटे 4 ला बदलतो, त्यामुळे रात्री बारानंतर बसलात तरी हिशेब त्याच दिवसात धरला जातो. रविवारी नवी कार्डं शून्य. त्या वेळेत आठवड्याच्या धड्यातले शब्द घेऊन पुढची कार्डं बनवावीत.

महिनाअखेरीला क्लोजिंगमध्ये चार दिवस बुडाले तर नवी कार्डं शून्यावर आणायची आणि साचलेली रोज शंभरच्या आसपास फेडायची. अशा वेळी ढीग लवकर संपावा म्हणून बोट Hard कडे वळतं. साचलेल्यांपैकी बरीच खरोखरच विसरलेली असतात, त्यांना Again द्यावं, मग ढीग संपायला दोन दिवस जास्त लागले तरी चालेल.