प्रेसवरची बोटं: यंत्र अडवतं की नियम?

भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये सेफ्टीच्या फॉर्मवर ‘इंजिनिअरिंग कंट्रोल’ या रकान्यात दोन हातांची बटणं, हात आडवा आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा म्हणजे लाइट कर्टन, आणि पार्ट उचलायचा चिमटा एकाच ओळीत लिहून टाकतात. चिमट्याची जागा तिथे नाही. ऑपरेटरने तो हातात घेतला तरच बोटं वाचतात, आणि पीस रेटची घाई असली की चिमटा बाकावर पडून राहतो. तो प्रशासकीय उपायांत, म्हणजे ‘डायमध्ये हात घालू नये’ या पाटीच्या शेजारी जातो. ओळखायची खूण सोपी आहे: माणूस विसरला, तरी यंत्र त्याला अडवतं का?

धोका कमी करायच्या उपायांच्या उतरंडीत इंजिनिअरिंग आणि प्रशासकीय या दोन पायऱ्यांच्या वर आणखी दोन आहेत. ब्लँक, म्हणजे पत्र्याचा मापाचा तुकडा, बाहेरून लेझरवर कापून आणला, तर आपल्याकडचा त्या कामाचा धोकाच संपतो, हे निर्मूलन. (लेझरवाल्याकडे त्याचे वेगळे धोके असतात, ते सोडा.) कमी धोक्याची पद्धत किंवा यंत्र घेणं म्हणजे पर्याय. सगळ्यात खाली हातमोजे. ते पत्र्याच्या कडेच्या धारदार बरपासून वाचवतात, खाली येणाऱ्या रॅमपुढे त्यांचा काही उपयोग नाही.

इंजिनिअरिंग उपायही तपासून घ्यावे लागतात. दोन बटणांपैकी एक लाकडाच्या तुकड्याने दाबून ठेवलं की हात मोकळा झाला. म्हणून चांगलं सर्किट दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच चालतं, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडायला लावतं.

लाइट कर्टनचं गणित अंतराचं. कर्टन बारीक, बोट पकडणारा असेल, तर हाताचा वेग सेकंदाला 2000 मि.मी. धरतात. सिग्नल तुटल्यापासून रॅम थांबायला 0.20 सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून किमान 400 मि.मी. लांब हवा. काही महिन्यांनी ब्रेक लायनिंग झिजलं आणि वेळ 0.24 वर गेला, की तेच अंतर 480 होतं. कर्टन मात्र 400 वरच उभा असतो. दिवा हिरवा असतो, हात घातला की प्रेस थांबतो, आणि सगळ्यांना वाटतं ठीक चाललंय; फक्त तो उशिरा थांबतो.

जुन्या की-क्लचच्या प्रेसवर तर कर्टन लावूच नये. तो क्लच एकदा बसला की पूर्ण फेरा केल्याशिवाय सुटत नाही, मग किरण तुटून उपयोग काय? तिथे बोट आत जाणारच नाही असा पक्का बंद गार्ड लागतो.

थांबण्याचा वेळ मोजून नोंदवणं हे काम मात्र नियमाचंच. ते मेंटेनन्सच्या वेळापत्रकात नसेल, तर कर्टन किती दिवस इंजिनिअरिंग उपाय राहिला हे कुणालाच कळत नाही.