भडक पोस्टर आणि थरथरतं पोस्टर: दिसायला भावंडं, घडण वेगळी

बेळगाव-खानापूर भागात एखाद्या मंडळाची संगीत रात्र ठरली, की डिझायनरकडे हमखास मागणी येते: "ते हिप्पी लोकांच्या पोस्टरसारखं करा, चेहरा रंगीबेरंगी, अक्षरं वाकडीतिकडी." चार दिवसांनी हातात येतं ते बहुतेक वेळा भडक पोस्टर. लाल, पिवळा, जांभळा, भोवती जाड काळी रेघ. वाईट दिसतं असं नाही, पण मागितलेलं ते नव्हे. भडक पोस्टर नुसतं लक्ष वेधतं. हिप्पी लोकांच्या सायकेडेलिक, म्हणजे थरथरत्या पोस्टरकडे पाहताना मात्र रंगांच्या सीमेवर डोळा ठरत नाही आणि कागद हलल्याचा भास होतो.

हा प्रकार 1966-67 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या नाचगाण्यांच्या हॉलसाठी बहरला. वेस विल्सनने अक्षरं फुगवून आकारात कोंबली. व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स यांच्याकडे रंग शिकलेला होता. शेजारचा रंग बदलला की रंग कसा वेगळा दिसतो, याचे धडे त्याला तिथे मिळाले होते आणि पोस्टरमध्ये त्याने ते पुरेपूर वापरले.

दोन्ही पोस्टरांत रंग विरोधीच असतात, म्हणजे लालसमोर हिरवा किंवा नारिंगीसमोर निळा. फरक पडतो उजेडात. भडक पोस्टरमध्ये एक रंग उजळ आणि दुसरा गडद असतो, त्यामुळे त्यांची हद्द लगेच कळते. थरथरत्या पोस्टरमध्ये रंग विरोधी असूनही उजेड सारखाच असतो. वस्तूची कड मेंदू मुख्यतः उजेडाच्या फरकावरून पकडतो. तो फरक नसला की रंग वेगळे दिसतात, पण त्यांची हद्द पक्की होत नाही. थरथर तिथूनच येते.

म्हणून शुद्ध लाल #FF0000 आणि शुद्ध हिरवा #00FF00 शेजारी ठेवून काम भागत नाही. तो हिरवा तांबड्यापेक्षा कितीतरी उजळ आहे. रंग मोजण्याच्या लॅब पद्धतीत उजेड 0 ते 100 असा मोजतात, त्यात हा लाल 53 च्या आसपास येतो आणि हिरवा 88 च्या. त्याऐवजी लाल #E8202A आणि हिरवा #008A3A घ्या, दोन्ही 50 वर आहेत. नारिंगी-निळा हवा असेल तर #FF7A00 आणि #00A8FF, दोन्ही 66 च्या जवळ. इथला निळा पाहून लोक म्हणतात "हा तर आकाशी झाला". बरोबर आहे. नारिंगी मुळातच उजळ असतो, गडद निळ्याशी त्याची बरोबरी होत नाही.

तपासणी सोपी आहे. चित्राची प्रत काढून ती करड्या रंगात करा. दोन रंगांची हद्द जवळजवळ पुसली गेली, तर पोस्टर थरथरेल. चेहरा स्पष्ट दिसत राहिला, तर ते भडक आहे. मात्र जिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये Colors > Desaturate > Desaturate उघडल्यावर Mode मध्ये Luminance निवडायला विसरू नका. तिथे Lightness (HSL) असेल तर शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिन्ही एकाच करड्या रंगात येतात. डिझायनर खूश होतो, आणि पोस्टर भिंतीवर गेल्यावर नुसतं झगझगतं.

आता एक उदाहरण घेऊ. मधोमध तबलजीचा चेहरा, कागद 18 × 23 इंच, 300 डीपीआय, म्हणजे 5400 × 6900 पिक्सेल. फोटो एका बाजूने उजेड पडलेला हवा. फ्लॅश लावून समोरून काढलेल्या फोटोत सावलीच नसते, मग चेहऱ्याचा आकार काढायचा कशावरून? फोटो थोडा धूसर करून Colors > Threshold लावा, म्हणजे चेहरा सावली आणि उजेड अशा दोन सपाट तुकड्यांत येतो. डोळे, नाकाच्या कडा आणि ओठ हाताने नीट करा. ओळख या तीन जागांवर टिकते, बाकी सगळं वाहू द्या.

नंतर केस. डोक्याची बाह्यरेषा निवडून Select > Grow ने दर वेळी 70 पिक्सेल, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर वाढवा. प्रत्येक पट्टा आळीपाळीने लाल आणि हिरवा भरा, असे बारा पट्टे घ्या. इथवर ते नकाशातल्या समोच्च रेषांसारखे कोरडे दिसतात. मग Warp Transform ने त्यांना लाटा द्या: वळणावर पट्टा जाड, टोकाला बारीक. बारीक कितीही नको. तीन मिलिमीटरच्या खाली गेला, की चार पावलांवरून लाल-हिरव्याचा मिळून मातकट तपकिरी दिसायला लागतो.

भडक पोस्टरची सवय इथेच घात करते. हात आपोआप काळ्या रेघेकडे जातो. पट्ट्यांमध्ये काळी रेघ आली, की दोन रंगांना हद्द मिळाली आणि थरथर संपली. पांढऱ्या रेघेनेही तेच होतं. कडा धूसर ठेवल्यावरही तेच, कारण लाल आणि हिरव्याच्या मधला रंग गडद तपकिरी असतो आणि तो न काढलेल्या काळ्या रेघेचं काम करतो. प्रिंटिंग प्रेसवर रंगांची कड एकमेकांवर चढवतात, त्याचीही गडद रेघ उमटते. म्हणून चढ शक्य तेवढा कमी ठेवायला सांगा.

अक्षरांसाठी खालचा एक तृतीयांश भाग आधीच मोकळा सोडा. चेहरा पूर्ण झाल्यावर जागा शोधत बसलं, की अक्षरं हनुवटीवर चढतात. कन्नड ओळ या घाटात सहज बसते. गोल अक्षरं, वर सलग रेघ नाही, प्रत्येक अक्षर स्वतंत्र फुगवता येतं. देवनागरीला शिरोरेषा आहे. ती सरळ ठेवली तर वळणदार चित्रात पट्टी ठेवल्यासारखी वाटते. त्यापेक्षा केसांचा शेवटचा पट्टाच शिरोरेषा करा: मानेखालून येणारी लाट पुढे सरकते आणि तिला अक्षरं लटकतात. काने खाली जाताना रुंद करा, अक्षरांमधली फट मात्र बारीक ठेवा. वेलांटी, उकार आणि रफार यांच्यासाठी वरखाली जागा राखावी लागते, नाहीतर फुगवताना पहिला बळी त्यांचाच जातो. अनुस्वाराचा ठिपका काना जेवढा जाड, तेवढा घ्या. "संगीत"चं "सगीत" झालेलं पोस्टर कोणी विसरत नाही.

वाद्याचं नाव किंवा मोठं शीर्षक थरथरलं तर चालेल. तारीख, वेळ आणि ठिकाण मात्र गडद हिरव्यावर फिक्या पिवळ्यात, साध्या अक्षरांत द्या. तिथे भडक पोस्टरचाच नियम पाळायचा.

छपाईत लाल-हिरव्याची जोडी भरवशाची आहे. गुळगुळीत कागदावर ऑफसेटमध्ये M100 Y100, म्हणजे पूर्ण मॅजेंटा आणि पूर्ण पिवळ्या शाईचा लाल आणि C100 Y100, म्हणजे पूर्ण सायन आणि पूर्ण पिवळ्या शाईचा हिरवा उजेडाला मुळातच जवळजवळ सारखे पडतात. फ्लेक्सवर शाई आणि कापड वेगळं असल्याने अंदाज चालत नाही. मोठा बॅनर काढण्याआधी दोन्ही रंगांची वीतभर पट्टी छापून घ्या आणि उन्हात धरून पाहा. फाइल दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पीएनजी पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की जेपीजी होताना रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा जास्त कापला जातो, आणि तुमच्या पट्ट्यांमध्ये उजेडाचा फरक उरलेलाच नसतो. कडेला मळकट झालर दिसली, तर मशीनवाल्याशी भांडण्याआधी फाइल तपासा.