सहा कोपऱ्यांवर सहा आकडे

बेंझिनच्या षटकोनात सहा कार्बन अणू असतात आणि प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन कुठल्याच एका बंधात न अडकता सगळ्या कडीवर पसरतो. या सहा इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जा मिळू शकतात? 1931 साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एरिक ह्युकेल यांनी या प्रश्नातलं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र बाजूला ठेवलं आणि एवढंच पाहिलं, की कोणता अणू कोणाचा शेजारी आहे. शेजारी असेल तर 1, नसेल तर 0:

```
0 1 0 0 0 1
1 0 1 0 0 0
0 1 0 1 0 0
0 0 1 0 1 0
0 0 0 1 0 1
1 0 0 0 1 0
```

या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं म्हणजेच ऊर्जापातळ्या. ती शोधायला संगणक लागत नाही. कागदावर षटकोन काढा आणि कोपऱ्यांवर असे आकडे लिहा, की कुठल्याही कोपऱ्याच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज त्याच्या स्वतःच्या आकड्याच्या x पट व्हावी, आणि हा x सगळीकडे एकच असावा. सगळीकडे 1 लिहिलं तर x = 2. आळीपाळीने 1 आणि −1 लिहिलं तर x = −2. आता 2, 1, −1, −2, −1, 1 लिहून बघा: x = 1. पण 0, 1, 1, 0, −1, −1 लिहिलं तरी x = 1 च येतो! म्हणजे ही पातळी दुहेरी आहे. तशीच −1 ची.

प्रत्यक्ष ऊर्जा E = α + xβ. इथे α ही एकट्या अणूवरच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि β शेजाऱ्यांमधला दुवा. β ऋण असल्यामुळे मोठा x म्हणजे खालची पातळी. एका पातळीत दोन इलेक्ट्रॉन मावतात. दोन 2 वर, चार 1 वर: बेरीज 8. सुटे तीन दुहेरी बंध असते तर प्रत्येकात दोन इलेक्ट्रॉन x = 1 वर बसले असते आणि बेरीज फक्त 6 झाली असती. वरचे 2β ही कडीची कमाई.

हेच चार अणूंच्या चौकोनावर करा. मूल्यं येतात 2, 0, 0, −2 आणि बेरीज 4. दोन सुट्या दुहेरी बंधांचीही तेवढीच. कमाई शून्य, वर दोन इलेक्ट्रॉन शून्याच्या जोडपातळीत लटकलेले. या चौकोनाचा खरा रेणू, सायक्लोब्युटाडाईन, चौरस न राहता लांबट आयत होतो, आणि इतका अस्थिर असतो की अतिथंड आर्गॉनमध्ये कोंडूनच तो पाहावा लागला.

मात्र β चं नेमकं मूल्य विचारलं की पंचाईत होते. हायड्रोजन जोडताना निघणाऱ्या उष्णतेवरून बेंझिनची जादा स्थिरता मोलमागे सुमारे 150 किलोज्यूल भरते, म्हणजे β साधारण −75 किलोज्यूल. प्रकाशशोषणावरून काढलं तर β याच्या कितीतरी पट येतो. शिवाय 1 वरून −1 वर जाण्याची उडी एकच, म्हणजे बेंझिनचा शोषणपट्टाही एकच हवा. अतिनील प्रकाशात मात्र तीन दिसतात. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, आणि ही गोष्ट त्या 0-1 च्या मॅट्रिक्समध्ये कुठेच नाही.