चार सॉफ्टवेअर, एक आकडा: कारखान्यात ईआरपी, सीआरएम, एससीएम आणि एमईएस यांच्या हद्दी कुठून आल्या

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये आज ही चारही नावे ऐकू येतात. बहुतेक वेळा ती एकाच सॉफ्टवेअरची चार पाने असल्यासारखी बोलली जातात. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून जन्मली, आणि त्यांच्यातली आजची भांडणे त्या जन्मकथेतूनच आली आहेत.

सुरुवात कच्च्या मालापासून झाली. 1964 च्या सुमारास आयबीएममधील जोसेफ ऑर्लिकी यांनी मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे एमआरपीची मांडणी केली. किती माल बनवायचा, एका नगाला काय काय लागते आणि स्टोअरमध्ये शिल्लक किती, या तीन गोष्टींवरून काय मागवायचे आणि कधी, हे ती काढून देई. पुढे त्याला हिशेब, खरेदी आणि मनुष्यबळ जोडले गेले, आणि 1990 मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीने या एकत्रित रूपाला ईआरपी हे नाव दिले. पण मूळ स्वभाव तोच राहिला: ईआरपी व्यवहार झाल्यावर नोंद घेते, आणि तिचे घड्याळ दिवस-आठवड्यांचे असते.

दोन्ही टोकांना जागा रिकामी राहिली. ग्राहकाची चौकशी, कोटेशन आणि पाठपुरावा ऑर्डर येण्याआधी घडतो. ते काम सीआरएमकडे गेले. 1993 मध्ये सुरू झालेल्या सीबेल या सॉफ्टवेअर कंपनीने या प्रकाराला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतच्या साखळीचे नियोजन एससीएमकडे आले. एमआरपी ठरावीक लीड टाइम धरते आणि मशीनची क्षमता अमर्याद मानते. ही उणीव भरून काढायला नियोजनाची ही वेगळी साधने वाढली. आणि शॉप फ्लोअरवर या मिनिटाला काय चालले आहे, हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला 1992 च्या सुमारास एमईएस हे नाव मिळाले. आयएसए-95 या मानकात व्यवसायाचे नियोजन चौथ्या पातळीवर आणि उत्पादन चालवणे तिसऱ्या पातळीवर ठेवले आहे. रेषा तिथे स्पष्ट आहे. कारखान्यात मात्र उत्पादनाच्या आकड्यावरून ती पुसली जाते.

एक नमुना हिशेब मांडू. पंपाचे बेअरिंग हाउसिंग बनवणारे शॉप आहे, नगाला एक कास्टिंग. ईआरपीत 1200 कास्टिंग शिल्लक आणि ऑर्डर 1000 नगांची. बहुतेक ठिकाणी बॅकफ्लश चालू असतो: तयार नगांची नोंद केली, की नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीप्रमाणे, म्हणजे बीओएमप्रमाणे, कच्चा माल आपोआप वजा होतो. 1000 नग बनले, 1000 कास्टिंग वजा झाली, ईआरपी म्हणते शिल्लक 200. पण मशीनवर 1048 कास्टिंग चढली होती. 30 मध्ये ओतकामातल्या पोकळ्या, म्हणजे ब्लोहोल निघाले आणि 18 बोअर मोठा झाल्याने गेली. रॅकवर आहेत 152.

पुढची ऑर्डर 200 नगांची येते. सेल्सचा माणूस सीआरएममध्ये तीच शिल्लक पाहतो आणि आठ दिवसांचा वायदा करतो. एमआरपी म्हणते माल आहे, त्यामुळे खरेदीची सूचनाच निघत नाही. 152 नगांनंतर काम थांबते आणि फाउंड्री म्हणते तीन आठवडे लागतील. चारही सॉफ्टवेअर आपापल्या परीने बरोबरच चालली होती. 48 नगांचे रिजेक्शन मात्र कुठेच पोहोचले नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ब्लोहोलच्या 30 नगांची डेबिट नोट फाउंड्रीच्या नावे निघायला हवी, तर 18 नगांचा खर्च आपल्या माथी. कारण न लिहिता सगळे भंगाराच्या ढिगात गेले, की महिनाअखेरीस दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. असा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे: स्टॉक मोजताना एकाच आयटमची तूट दर वेळी त्याच दिशेने येते. चोरीचा संशय घेण्याआधी त्या आयटमचा बॅकफ्लश पाहावा.

आमच्या मते वाटणी अशी हवी: आयटम कोड, बीओएम आणि साठ्याचे मूल्य ईआरपीचे, चांगले नग, रिजेक्शन आणि त्याचे कारण एमईएसचे. एमईएसने प्रत्येक शिफ्टअखेर ते ईआरपीला पाठवावे, आणि रिजेक्शनची नोंद बॅकफ्लशपासून वेगळी व्हावी. एमईएसने आधीच पाठवलेले रिजेक्शन कुणी ईआरपीत पुन्हा हाताने भरले, तर साठा उलट दिशेने चुकतो. वायद्याची तारीख एससीएमने काढावी. सीआरएमने ती फक्त वाचावी, स्वतः मोजू नये.

दहा-बारा मशीनच्या शॉपला यासाठी लगेच एमईएस घ्यावे लागत नाही. सुपरवायझरने शिफ्ट संपताना जॉब क्रमांक, चढलेली कास्टिंग, चांगले नग आणि कारणनिहाय रिजेक्शन असा एक तक्ता भरला आणि तो पुढची शिफ्ट सुरू होण्याआधी ईआरपीत चढवला, तरी वरची तूट दिसते. एकाच जॉबची ऑपरेशन्स तीन-चार मशीनवर विभागली जातात आणि अर्धवट नग शिफ्टच्या मध्ये अडकून पडतात, तेव्हा मात्र हा तक्ता अपुरा पडतो. कारण बाद झालेला नग कोणत्या ऑपरेशनपर्यंत पोहोचला होता आणि त्यावर किती मशीन-वेळ खर्च झाला होता, हे त्यात येत नाही.