अडकलेला चॅट बॅकअप : आधी दोन तारखा बघा

चॅटचा बॅकअप अडकला की बहुतेकजण पहिला संशय इंटरनेटवर घेतात. राउटर बंद-चालू होतो, फोन रीस्टार्ट होतो आणि टक्का होता तिथेच राहतो. माझं म्हणणं एवढंच, की काहीही करण्याआधी एक स्क्रीन नीट वाचावी. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं गेलं की शेवटच्या बॅकअपच्या दोन वेळा दिसतात. एक लोकल, म्हणजे फोनमधली. दुसरी गूगल खात्यातली. बिघाड कुठे आहे, हे या दोन तारखांवरूनच बरंचसं कळतं.

त्याचं कारण असं, की बॅकअप हे एक काम नसून दोन कामं आहेत. रोज पहाटे २ च्या सुमारास ॲप मेसेजच्या डेटाबेसची एक एनक्रिप्टेड प्रत फोनमध्येच तयार करतं. फाइल मॅनेजरमधून `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` हा फोल्डर उघडला तर `msgstore` नावाने सुरू होणाऱ्या त्या फाइली दिसतात. या कामाला इंटरनेट लागतच नाही, फोनमध्ये मोकळी जागा मात्र लागते. त्यानंतरचं काम म्हणजे ही प्रत आणि फोटो-व्हिडिओ खात्यावर चढवणं. म्हणून लोकलची तारीखही जुनी असेल तर राउटरला हात लावू नका, फोनमधली जागा मोकळी करा. लोकल आजची आणि गूगलची जुनी असेल, तर अडचण फोनच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर आहे.

माझ्या मावशीच्या फोनवर हेच होतं. लोकल त्याच पहाटेची, खात्यावरची चार महिन्यांपूर्वीची. फोनमध्ये दोन गूगल खाती होती, म्हणून आधी बॅकअप नेमका कोणत्या खात्यावर जातो ते पाहिलं. ते बरोबर होतं. (पासवर्ड बदलल्यावर कधी कधी खातं यादीत दिसतं, पण आतून साइन आउट झालेलं असतं. तेव्हा फोनच्या सेटिंग्जमध्ये पुन्हा साइन इन करावं लागतं.) मग खात्यातली जागा पाहिली : १५ जीबीपैकी १४.२ भरलेली. नव्याने चढवायचं होतं साधारण १.२ जीबी आणि शिल्लक होती ०.८. म्हणजे नेट कितीही वेगवान असतं तरी हा बॅकअप पूर्ण होणारच नव्हता.

पूर्वी अँड्रॉइडवरचे हे बॅकअप गूगलच्या जागेत मोजले जात नसत. २०२४ पासून ते मोजले जाऊ लागले आणि जीमेल, फोटो, ड्राइव्ह यांच्याच १५ जीबीत चॅटही आले. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला बॅकअप अचानक का थांबला, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

मावशीने ड्राइव्हमधल्या २ जीबी जुन्या फाइली उडवल्या, तरी आकडा १४.२ च राहिला. ती वैतागली आणि तिचं वैतागणं रास्त होतं. ड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल ट्रॅशमध्ये जाते, ३० दिवस तिथे राहते आणि तोवर जागेत मोजली जाते. ट्रॅश रिकामा केला, तेव्हा कुठे आकडा १२.२ वर आला.

आता नेटची पाळी. बॅकअपला अपलोडचा वेग लागतो आणि घरगुती जोडणीत तो डाउनलोडपेक्षा पुष्कळ कमी असू शकतो. व्हिडिओ छान चालतो म्हणजे अपलोडही चांगला, असं धरून चालू नये. मावशीकडे अपलोड होता २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. १.२ जीबी म्हणजे सुमारे ९,६०० मेगाबिट. भागाकार केला तर ४,८०० सेकंद, ८० मिनिटं, तीही वेग एकदाही न पडता. वीस मिनिटं टक्का फारसा हलला नाही, तर तो अडकलाच असेल असं नाही.

तिचा मात्र ४० टक्क्यांवर खरंच थांबला. फोन टेबलावर पडून होता, स्क्रीन बंद, चार्जर काढलेला. अशा वेळी बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड ॲप्सचं नेट रोखून धरतं आणि अधूनमधून थोडा वेळच सोडतं. चार्जर लावला की ही बंदी उठते. म्हणून रात्री वाय-फाय चालू ठेवून फोन चार्जिंगला लावला. सकाळी खात्यावरची तारीख त्या दिवसाची होती.

आयफोनवर बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो. तिथे फुकट जागा ५ जीबीच असते आणि व्हॉट्सॲपच्या सूचनेप्रमाणे बॅकअपच्या आकाराच्या किमान २.०५ पट जागा आयक्लाउड आणि फोन, दोन्हींत मोकळी लागते. ३ जीबीच्या बॅकअपला ६ जीबीहून जास्त, म्हणजे फुकटच्या जागेत तो मावतच नाही. व्हिडिओ वगळण्याचा पर्याय तिथे सगळ्यात आधी करून पाहावा.

बॅकअप अडकलेला असताना ॲप काढून पुन्हा टाकायचा सल्ला अनेकजण देतात. खात्यावरची तारीख आजची होईपर्यंत तो ऐकू नका. मावशीने ॲप काढलं असतं तर खात्यातून परत मिळाले असते ते चार महिन्यांपूर्वीपर्यंतचेच मेसेज.