तांब्याची दोन ऑक्साइडे आणि गुणित प्रमाणाचा नियम: पार्श्वभूमी

तांब्याची दोन ऑक्साइडे रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. एक काळे आणि दुसरे लाल. स्पेनमध्ये काम करणारे फ्रेंच रसायनतज्ज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी 1799 साली तांब्याच्या हिरव्या कार्बोनेटवरील आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या कामानुसार 100 भाग तांब्यापासून काळे ऑक्साइड 125 भाग मिळते, म्हणजे 100 भाग तांबे 25 भाग ऑक्सिजन धरून ठेवते. दोनच वर्षांनी, 1801 मध्ये, रिचर्ड शेनेव्हिक्स यांनी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथील लाल तांबे-खनिजाचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि त्यात तांबे 88.5 टक्के, ऑक्सिजन 11.5 टक्के असल्याचे नोंदवले. गुणित प्रमाणाच्या नियमाला लागणारी सामग्री अशा रीतीने 1801 मध्येच छापून झालेली होती. पण ती पाहून कोणालाही नियम सुचला नाही.

यामागचे कारण साधे आहे आणि आजही परीक्षेत विद्यार्थी नेमके तिथेच चुकतात. प्रूस्त यांच्या आकड्यांवरून काळ्या ऑक्साइडची शेकडेवारी काढली, तर तांबे 80 आणि ऑक्सिजन 20 येते. हे 20 आणि शेनेव्हिक्स यांचे 11.5 यांची तुलना केली, तर गुणोत्तर 1.74 निघते, आणि त्यात लक्ष वेधून घेणारे काहीच नाही. शेकडेवारीत संयुगाचे एकूण वस्तुमान 100 धरलेले असते. त्यामुळे ऑक्सिजन वाढला की त्याच 100 मधले तांबे आपोआप घटते आणि दोन्ही आकडे एकाच वेळी हलतात. नियम मात्र वेगळाच प्रश्न विचारतो: एका मूलद्रव्याचे वस्तुमान तेच ठेवले, तर त्याच्याशी संयोग पावणाऱ्या दुसऱ्याची वस्तुमाने एकमेकांशी कोणत्या प्रमाणात आहेत? हे प्रमाण लहान पूर्णांकांचे असते, हेच नियमाचे म्हणणे. तांबे 100 भाग धरून शेनेव्हिक्स यांचा आकडा पुन्हा मांडला, तर 11.5 ला 88.5 ने भागून 100 ने गुणल्यावर ऑक्सिजन 13.0 भाग येतो. काळ्या ऑक्साइडात 25 आणि लाल ऑक्साइडात 13, गुणोत्तर 1.92. आता मात्र 2 हा अंक डोळ्यांसमोर येतो.

प्रूस्त यांना स्वतःला टप्प्यांची कल्पना मुळीच अपरिचित नव्हती. धातू ऑक्सिजनशी ठराविक पायऱ्यांनीच संयोग पावतो आणि मधल्या प्रमाणाचे पदार्थ म्हणजे दोन ऑक्साइडांची मिश्रणे होत, हाच, संयुगातील प्रमाण सलग बदलू शकते असे मानणारे फ्रेंच रसायनतज्ज्ञ बर्थोले यांच्याशी झालेल्या दीर्घ वादातील त्यांचा पक्ष होता. तरीही पायरी आहे म्हणणे आणि दुसरी पायरी पहिलीच्या बरोबर दुप्पट आहे म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या विधानासाठी दुप्पट शोधण्याचे काहीतरी कारण हाताशी असावे लागते, आणि ते कारण मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांच्याकडे होते. पदार्थ अविभाज्य अणूंचा असेल, तर एका अणूशी एक किंवा दोन अणू जोडले जातील, दीड नाही.

डाल्टन यांनी पुढे आणलेले पहिले ठळक उदाहरण ऑक्साइडांच्या शेकडेवारीचे नव्हते, तर वायूंच्या आकारमानांचे होते. 100 माप हवेतील ऑक्सिजन अरुंद नळीत 36 माप नायट्रिक ऑक्साइडशी, आणि रुंद भांड्यात 72 मापांशी संयोग पावतो, असे त्यांनी नोंदवले. आकडे सुरेख आहेत. माझ्या मते जरा जास्तच सुरेख. या क्रियेत भांड्याची रुंदी, वायू मिसळण्याचा वेग आणि ढवळणे यांनुसार वापरला जाणारा नायट्रिक ऑक्साइड बदलत जातो, त्यामुळे प्रयोग जशाच्या तसा पुन्हा करणे सोपे नाही. 1808 मध्ये मात्र अधिक भक्कम आधार मिळाला. टॉमस टॉमसन यांनी ऑक्झॅलेटांवर, तर विल्यम वोलास्टन यांनी पोटॅशच्या कार्बोनेट व बायकार्बोनेटवर काम प्रसिद्ध केले. वोलास्टन यांची युक्ती अशी, की बायकार्बोनेट तापवून कार्बोनेट केले आणि आम्लाने दोहोंतून निघणारा वायू मोजला, तर पोटॅश तेवढाच असताना वायू निम्मा भरतो. इथे शेकडेवारीची गरजच पडत नाही, कारण पोटॅशचे प्रमाण प्रयोगानेच कायम राखलेले असते.

आता 1.92 कडे परत येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. हा आकडा 2 मानायचा का? आजच्या अणुवस्तुमानांनुसार लाल ऑक्साइडात ऑक्सिजन 11.18 टक्के असतो. म्हणजे शेनेव्हिक्स यांची चूक एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच होती, पण ऑक्सिजन मुळातच थोडा असल्याने तेवढ्याने गुणोत्तर 2 वरून सरकले. प्रयोगशाळेतही हेच घडते. समजा, प्रत्येकी 2.00 ग्रॅम ऑक्साइड हायड्रोजनच्या प्रवाहात तापवून तांब्यात रूपांतरित केले, आणि काळ्यापासून 1.60 ग्रॅम, लालपासून 1.78 ग्रॅम तांबे उरले. एक ग्रॅम तांब्यामागे ऑक्सिजन अनुक्रमे 0.250 आणि 0.124 ग्रॅम येतो आणि गुणोत्तर 2.02 होते. परंतु तराजू 0.01 ग्रॅमपर्यंतच विश्वासार्ह असेल, तर लाल ऑक्साइडातील 0.22 ग्रॅम ऑक्सिजन प्रत्यक्षात 0.21 किंवा 0.23 ही असू शकतो, आणि तेवढ्यानेच गुणोत्तर 2.13 पासून 1.92 पर्यंत फिरते. या पट्ट्यात 2 हे एकच लहान पूर्णांकांचे गुणोत्तर बसते, म्हणून आकडेवारी नियमाशी जुळते असे म्हणता येते, ‘2.02 म्हणजे जवळपास 2’ एवढे लिहून थांबणे पुरेसे नाही.

गुणोत्तर पट्ट्याबाहेर गेले, तर ते कोणत्या बाजूला गेले हे पाहावे. काळ्या ऑक्साइडाच्या गाभ्यात न बदललेली भुकटी राहिली, तर त्याचा ऑक्सिजन कमी मोजला जातो आणि गुणोत्तर 2 च्या खाली येते. लाल ऑक्साइड हवेत राहून वरून काळपटले असेल, तरी परिणाम तोच होतो. उलट काळे ऑक्साइड ओलसर असेल, तर गेलेले पाणीही ऑक्सिजन म्हणून मोजले जाते आणि गुणोत्तर वर सरकते. गरम तांबे हायड्रोजन बंद करून हवेत थंड केले, तर ते पुन्हा ऑक्सिजन घेते. म्हणून नळी थंड होईपर्यंत वायू चालू ठेवतात, आणि वजन स्थिर येईपर्यंत तापवणे व तोलणे पुन्हा पुन्हा करतात.

‘लहान’ पूर्णांक म्हणजे किती लहान, हे नियम सांगत नाही. अकरावीच्या गणितांत नेहमी येणारी, 27.6 आणि 30 टक्के ऑक्सिजनची दोन धातू-ऑक्साइडे घेतली, तर 100 भाग धातूमागे ऑक्सिजन 38.1 व 42.9 भाग येतो, म्हणजे 8:9. ही लोखंडाची Fe3O4 आणि Fe2O3 आहेत आणि नियम इथेही लागू पडतो. पण विश्लेषणात दोन-तीन टक्के चूक असती, तर 8:9 आणि 7:8 यांत निवड करणे अशक्य झाले असते. शिवाय गुणोत्तर हाती आले तरी सूत्र मिळत नाही. तांब्याच्या 2:1 या गुणोत्तरात Cu2O आणि CuO ही जोडी जितकी बसते, तितकीच CuO आणि CuO2 ही जोडीही बसते. त्यासाठी अणुवस्तुमान वेगळ्या मार्गाने ठाऊक असावे लागते, आणि डाल्टन यांना ते नव्हते.

बर्थोले यांचा पक्षही पूर्णपणे बुडाला नाही. लोखंडाचे फेरस ऑक्साइड, म्हणजे वुस्टाइट, हे Fe0.95O च्या आसपास असते आणि तयार करण्याच्या परिस्थितीनुसार त्यातील लोखंड कमी-जास्त होते. त्याची तुलना Fe2O3 शी केली, तर ऑक्सिजनचे गुणोत्तर 1.5 ऐवजी सुमारे 1.42 येते, आणि इथे दोष तराजूचा नसतो. अशा संयुगांना रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय कुर्नाकोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘बर्थोलाइड’ हे नाव दिले.